घडीत अडकलेलं तेजाब

मे महिन्यात केलेला डबा ऑगस्टमध्ये उघडला. आतल्या कागदी पुड्या कोरड्या होत्या, पण मागच्या जोडावर तांबूस रेघ उमटली होती. बोट फिरवलं तर बोटाला गंज लागला. गंमत म्हणजे बाकी पत्रा जसाच्या तसा चकचकीत होता. जिथे मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, जिथे घडी घातली आणि सोल्डर वितळवून डाग दिला, नेमका तिथेच डबा कुजायला लागला होता.

डबा बियाण्यांसाठी होता. नागपूरच्या महाल भागात आमच्या गच्चीवर दोडकी, वाल, चवळी, कारली लावते मी. पुढच्या वर्षीचं बी घरचंच ठेवते. प्लास्टिकच्या बरण्यांत नागपूरच्या उन्हाळ्यात काही होत नाही, पण पाऊस सुरू झाला की वालाला भोकं पडतात. माझ्या आजीकडे टिनाचा एक डबा होता, जोड झाळलेला, झाकण घट्ट. त्यात सोंडा शिरत नसे. तसा डबा आपण करावा, असं डोक्यात आलं. विकत का नाही घेतला, हे घरच्यांनी बरेचदा विचारून झालं आहे.

पहिल्या डब्याची हकीगत लांबवत नाही. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा पिपा कापला. त्याच्या भिंतींवर मजबुतीसाठी उठवलेल्या नक्षीच्या रेषा असतात, त्या ठोकून सपाट करताना पत्रा लाटांसारखा झाला. घरात रेडिओ दुरुस्तीचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न होतं, त्याने डाग द्यायला बसले. सोल्डर वितळायचं, पण पत्र्यावर पसरायचं नाही. पाण्याचे थेंब तेलकट ताटावर जसे गोळा होतात, तसे गोळे. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून तेजाबाचं फ्लक्स, म्हणजे डाग धरावा म्हणून पत्रा साफ करणारं पाणी, आणलं, भरपूर ओतलं, आणि कसंबसं चिकटवलं. दिसायला जोड भरलेला दिसत होता. पाणी भरून पाहिलं, गळलं नाही. मी खूश.

गंजलेला डबा पिशवीत घालून इतवारीत गेले. लोहा ओळीच्या मागच्या गल्लीत एक काकाजी अजून पत्र्याचं काम करतात. गाळणे, नरसाळी, धान्याच्या कोठ्या. पूर्वी कंदील दुरुस्तीची रांग लागायची म्हणतात. त्यांनी डबा हातात घेतला, जोडावर नख फिरवलं, मग सरळ चिमट्याने घडी उकलली. माझ्यादेखत. आत हिरवट-पांढरा ओलसर लगदा होता आणि त्याच्याखाली काळा पत्रा.

"ताई, डाग वरतीच बसला ना. आत गेलाच नाही. आत तेजाब तसंच राह्यलं."

"पण मी धुतला होता. दोनदा."

"वरून धुतला. घडीच्या आत पाणी कसं जाईन? अन् गेलं तर निघन कसं?"

माझी चूक तिथे उलगडली. मी वापरलं ते तेजाब म्हणजे झिंक क्लोराइडचं पाणी. मीठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे टाकायचे, ते फसफसतं, आणि फसफसणं थांबून तळाला थोडं जस्त उरलं की ते 'मेलं' असं समजायचं. काकाजी जुन्या सेलच्या जस्ताच्या डब्या कापून टाकतात आणि हे काम दुकानाबाहेर उघड्यावर करतात, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो आणि शेगडी आत पेटलेली असते. हे फ्लक्स फार जोरदार आहे. पत्र्यावरचा मळ, गंज, जुनं ऑक्साइड, सगळं खाऊन टाकतं आणि डाग झटकन धरतो. पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. सुकून बसत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. सपाट जोडावर उरलं तर सोड्याच्या गरम पाण्याने धुता येतं. घडीत उरलं तर ते आत बसून लोखंड खातं. टिनाचा पत्रा म्हणजे शेवटी लोखंडच. वर कथलाचा थर असतो तो मायक्रॉनभर, बहुतेकदा त्याहूनही पातळ.

मग घडीच्या जोडाला तेजाब लावायचंच नाही का? तर तसंही नाही. काकाजींनी दाखवलेली पद्धत दोन टप्प्यांची होती, आणि दुसरा डबा मी त्याच पद्धतीने, त्यांच्याच दुकानात, दोन दुपारींत केला.

पत्रा या वेळी कोरा घेतला. पाव मिलिमीटरहून थोडा जाड. डबा १५ सेंटिमीटर लांब, १० रुंद, ८ उंच. म्हणजे भोवतीची भिंत १५ आणि १० दोनदा, मिळून ५० सेंटिमीटर. जोड ५ मिलिमीटरचा धरला. इथे मी पहिल्या वेळी फसले होते. मी दोन्ही टोकांना पाच-पाच वाढवले होते, एकूण १०, आणि डबा तळापेक्षा लहान झाला. काकाजींचा हिशोब असा: एका टोकाची घडी पाच, दुसऱ्या टोकाची पाच, आणि या दोन घड्यांचे आकडे एकमेकांत अडकले की जोडाच्या रुंदीइतका पत्रा आणखी खातात. म्हणून जोडाच्या तिप्पट, १५ मिलिमीटर. पट्टी ५१५ मिलिमीटर लांब कापली. रुंदी ८० आणि वरच्या काठाच्या दुमडीसाठी ५, म्हणजे ८५. काठ आतल्या बाजूला दुमडायचा, नाहीतर रोज हात कापतो.

कापायच्या रेषा टोच्याने ओढल्या. घडीच्या रेषाही तशाच ओढायला लागले तर त्यांनी हात धरला. टोच्याची रेघ कथलाच्या थरातून खाली जाते, आणि घडी नेमकी तिथेच वळते, म्हणजे गंजाला दार उघडून दिलं. घडीची रेषा पेन्सिलीने. कात्रीने पट्टी कापल्यावर चारही कोपऱ्यांवर छोट्या खाचा पाडल्या. वरच्या काठाची दुमड जिथे जोडाच्या घडीवर येते, तिथे खाच नसेल तर थरावर थर चढून सुपारीएवढी गाठ होते. तिथली घडी १० मिलिमीटर कापून टाकली.

आता पहिला टप्पा. जोडाच्या दोन्ही टोकांच्या पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या, घडी घालायच्या *आधी*, सपाट पत्र्यावरच झाळून घ्यायच्या, म्हणजे त्यांवर सोल्डरचा पातळ थर चढवायचा. दोन्ही बाजूंनी, आणि कात्रीने उघडा पडलेला कापही. त्या कापावर कथील नसतं, तिथे नुसतं लोखंड उघडं असतं.

यासाठी कैया तापवला. तांब्याचा ठोकळा, पाचर कापल्यासारखी टोकदार बाजू, मागे लोखंडी दांडी आणि लाकडी मूठ. वजन अर्धा किलोच्या आसपास असेल. माझ्या २५ वॉटच्या पेन्सिलीसमोर हा हत्ती. पत्रा पातळ असला तरी रुंद असतो, उष्णता चहूबाजूंना पसरते. छोटं आयर्न जेवढी उष्णता देतं, तेवढी पत्रा लगेच वाहून नेतो आणि जोडापाशी सोल्डर वितळण्याइतकं तापमान टिकतच नाही. तांब्याच्या ठोकळ्यात उष्णता साठलेली असते, ती एकदम ओतता येते.

शेगडीत कैया ठेवून काकाजी बोलत बसले. मी दर मिनिटाला "झालं का?" विचारत होते. ते निखाऱ्याकडे पाहत होते. कैयाभोवतीच्या ज्वाळेला हिरवी झाक आली तेव्हा उचलला. तांबं पुरेसं तापलं की ज्वाळा हिरवी होते. ती वेळ गेली आणि कैया लाल झाला तर टोकावरची कल्हई जळून जाते, तांब्याला खड्डे पडतात, मग कानस घेऊन पुन्हा सुरुवात. तसं माझ्याकडून एकदा झालंच. काकाजी काही बोलले नाहीत, फक्त कानस पुढे सरकवली.

तापलेलं टोक नवसागराच्या खड्यावर घासायचं, त्याच वेळी सोल्डरची कांडी टेकवायची. पांढरा धूर निघतो. तो अंगावर घेऊ नये, मी तोंड फिरवूनही दोनदा खोकले. घासता घासता तांब्यावर आरशासारखी चांदी चढते. ती चढली नाही तर कैया कितीही गरम असो, उष्णता पुढे जातच नाही. काळ्या टोकाचा कैया म्हणजे कोरडा तवा.

मग पट्टीच्या टोकांना ब्रशने तेजाब, अगदी पातळ, आणि कैयाने सोल्डर पसरवून लगेच सुती चिंधीने पुसून घेतलं. पुसणं महत्त्वाचं. जाड थर राहिला तर घडी बसत नाही. उरते ती फक्त ओलसर दिसणारी चमक. आणि आता पट्टी अजून सपाट आहे, दोन्ही बाजू उघड्या आहेत, तेव्हा धुणं सोपं. गरम पाणी, धुण्याचा सोडा, ब्रश, पुन्हा साधं पाणी, मग शेगडीजवळ कोरडी. तेजाबाचं काम इथे संपलं. घडीच्या आत ते कधी जाणारच नव्हतं.

घडी घालताना घाई करू नये, हे मला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. शिकंज्यात दोन लोखंडी अँगलमध्ये पट्टी धरली, पेन्सिलची रेषा बरोबर अँगलच्या काठावर. लाकडी हातोड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं वळवत न्यायचं. एका ठिकाणीच पूर्ण ९० अंश वळवलं तर शेजारचा पत्रा ताणला जातो आणि काठ नागमोडी होतो. ९० अंश झाल्यावर बाहेर काढून उरलेली घडी पालथी पाडायची. पण पूर्ण चिकटू द्यायची नाही. त्याच पत्र्याचा कापलेला तुकडा घडीत सरकवून मगच ठोकायचं. तो तुकडा काढला की दुसऱ्या टोकाचा आकडा शिरायला नेमकी तेवढीच फट राहते. एक घडी वर, दुसरी खाली. मी दोन्ही वर केल्या होत्या. उलटवता येत नाही, घडी सरळ करून पुन्हा वळवली तर पत्रा तिथे तडकतो. ती पट्टी वाया गेली. काकाजींनी तिच्यातून पळी करून टाकली, तेवढ्यात.

"सगळ्यांचं होते असं," ते म्हणाले. "माह्या बापाने मले पयल्या दिवशी नुसत्या घड्याच घालायला लावल्या. डाग आठ दिवसानं."

दुसरी पट्टी नीट झाली. चारही कोपरे अँगलवर वळवले. जोड मागच्या भिंतीच्या मधोमध, कोपऱ्यावर नाही. कोपऱ्यावर घडीही आणि वळणही, दोन्ही एकत्र नीट बसत नाहीत. आकडे अडकवायच्या आधी दोन्ही घड्यांच्या आत राळ लावली. राळ म्हणजे व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच, पॉलिशवाल्या स्पिरिटमध्ये विरघळवून. स्पिरिट उडून गेलं की पिवळसर कोरडा थर राहतो. राळेचं फ्लक्स तेजाबाइतकं जोरदार नाही. गंजलेल्या, मळक्या पत्र्यावर ती काहीच करत नाही. पण आमच्या पट्ट्या आधीच झाळलेल्या आणि धुतलेल्या होत्या, तिथे राळ पुरते. आणि आत उरली तरी ती पाणी ओढत नाही, काचेसारखी पडून राहते.

आकडे अडकवले, ओढून घट्ट केले. आता प्रश्न होता की जोडाचा फुगवटा कुठे जाणार. चार थर पत्रा, मिलिमीटरभर उंची. पहिल्या डब्यात तो बाहेर होता, म्हणून तळाची बाही, म्हणजे वर वळवलेली कड, त्यावर चढेना आणि मी हातोड्याने जबरदस्ती केली होती. काकाजींकडे एक जाड लोखंडी पट्टी आहे, तिच्यात लांब खाच पाडलेली. डबा त्या पट्टीवर चढवायचा, जोड बरोबर खाचेवर आणायचा आणि बाहेरून लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकायचा. फुगवटा खाचेत, म्हणजे डब्याच्या आतल्या बाजूला उतरतो. बाहेरून भिंत सपाट, मध्ये फक्त एक बारीक रेघ. घरी करायचं असेल तर फळीवर दोन लोखंडी पट्ट्या सहा मिलिमीटरची फट सोडून स्क्रूने बसवल्या तरी चालतं.

आता खरा डाग. आधी टिपके, दोन्ही टोकांना आणि मध्ये. नाहीतर एका टोकापासून तापवत गेलं की पत्रा फुगतो आणि जोड पुढे तोंड उघडतो. मग कैयाची रुंद बाजू जोडावर आडवी टेकवली. टोक नाही. माझी सवय टोकाने रंगवल्यासारखं फिरवायची होती. काकाजींनी मनगट धरून कैया आडवा केला आणि थांबवला. "थांबा. पाहा." दोन सेकंद काही नाही. तीन. मग सोल्डरचा तो छोटा ढिगारा एकाएकी खाली गेला. जणू कुणी आतून ओढून घेतला. रेघ भरली, आणि आतल्या बाजूला, घडीच्या दुसऱ्या काठावर, बारीक चमकदार धार उमटली. माझ्या पहिल्या डब्यात हे कधीच झालं नव्हतं. तिथे सोल्डर वर बसून राहिलं होतं, कारण आतला पत्रा थंड होता.

तिथून पुढे कैया सरकवायचा वेग हातानेच सांगितला. सोल्डर मागे ओलं चमकत राहतं, कैया पुढे जातो. मागची चमक ताबडतोब विझली तर पुढे पळतोय, थांबायचं. काठ कसा दिसतो यावरून जोड ओळखता येतो. चांगल्या डागाचा काठ पत्र्यात पातळ होत विरतो, कुठे संपला कळत नाही. वाईट डागाचा काठ गोल, फुगीर, नखाने पकडता येईल असा, आणि रंगाने राखाडी, दाणेदार. सोल्डर थिजत असताना डबा हलला तरी असाच दाणेदार होतो. तेव्हा श्वाससुद्धा सांभाळून.

तळ तुलनेने सोपा. १५ बाय १० च्या भोवती ८ मिलिमीटरची बाही, आणि भिंत आत शिरायला एकूण एक मिलिमीटर सैल. म्हणजे १६७ बाय ११७ मिलिमीटरचा तुकडा. कोपऱ्यांतले चौकोन कापून चारही बाह्या वर वळवल्या, कड कैयाने झाळून धुतली, डबा आत बसवला. डबा तिरका धरून आतला कोपरा व्ही आकाराच्या पन्हळीसारखा करायचा, त्यात सोल्डरचे तुकडे टाकायचे आणि कैया पन्हळीतून ओढायचा. उतार आपलं काम करतो. एवढंच भान ठेवायचं की तळ तापवताना मागच्या भिंतीचा आधीचा जोडही वितळू शकतो. म्हणून त्यावर ओली चिंधी गुंडाळली.

पाणी भरून पाहायला लागले तर काकाजी हसले. पाणी मोठी भोकं सांगतं, बारीक नाही. त्यांनी खडूची भुकटी पाण्यात कालवून बाहेरच्या सगळ्या जोडांवर लावली, वाळू दिली. आत बोटभर रॉकेल ओतलं. "मातीचं तेल कुठूनही निघते, त्याले लपता येत नाही." डबा वेगवेगळ्या बाजूंवर पालथा करत दहा मिनिटं बसलो. मागचा जोड पांढराशुभ्र राहिला. डाव्या पुढच्या कोपऱ्यात मात्र सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका आला आणि वाटाण्याएवढा पसरला. तळाचा चौकोन कापताना तिथे कात्री वळणाच्या रेषेच्या पुढे केसभर गेली होती. मला ते तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, सोल्डर भरून काढेल. पण मोकळ्या फटीवर सोल्डर पूल बांधत नाही, ते गोळा होऊन एका बाजूला जातं.

रॉकेल पुसलं, सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढला, नखाएवढा झाळलेला तुकडा आतून ठेवला आणि त्यावर कैया टेकवला. पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल. या वेळी काही आलं नाही.

झाकण घरी केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त अर्धा मिलिमीटर सैल धरलं होतं तरी पहिल्या दिवशी चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. एक गोष्ट मी स्वतःहून पाळली. आम्ही वापरलेल्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून या डब्यात पेरायचं बीच ठेवते. खायची डाळ नाही, मसाला तर अजिबात नाही. काम झाल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने घासून धुते.

हा डबा पुढच्या वर्षी जूनपासून सप्टेंबरपर्यंत गच्चीच्या जिन्याखाली होता, आमच्या घरातली सगळ्यात दमट जागा. गणपतीनंतर उघडला. मागच्या जोडाची रेघ होती तशीच, चांदीसारखी. उकललेला पहिला डबा काकाजींकडेच राहिला. परवा गेले तेव्हा त्याची घडी झाळून पुन्हा बसवलेली दिसली. त्यात ते नवसागराचे खडे ठेवतात.